गेटवर बॅग मागितली, तर आधी काय काढायचं?

बोर्डिंग सुरू झालेलं असतं. रांग पुढे सरकत असते आणि गेटवरचा कर्मचारी तुमच्या चाकांच्या बॅगेकडे बोट दाखवून म्हणतो, "सर, वरचे कप्पे भरलेत. ही बॅग खाली द्यावी लागेल." खाली म्हणजे विमानाच्या पोटात, चेक-इन केलेल्या सामानाबरोबर. हातात टॅग तयार असतो, मागे वीस-पंचवीस माणसं ताटकळलेली असतात. बॅग उघडायला मिळतो फार तर एखादा मिनिट. त्या मिनिटात काय बाहेर काढायचं हे बहुतेकांनी कधीच ठरवलेलं नसतं, कारण ही बॅग आपल्यासोबतच राहणार असं गृहीत धरूनच ती भरलेली असते. म्हणून तर औषधं, दागिने, लॅपटॉप, किल्ल्या आणि पॉवर बँक हे सगळं तिच्यातच असतं.

हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. आपल्याकडच्या देशांतर्गत मार्गांवर जी एअरबस ए320 विमानं धावतात, त्यांत साधारण 180 ते 186 प्रवासी बसतात. प्रत्येकाला सात किलोंची एक हातातली बॅग चालते. पण जुन्या रचनेच्या कप्प्यांत एवढ्या सगळ्या चाकांच्या बॅगा मावत नाहीत. नव्या विमानांत मोठे कप्पे येऊ लागले आहेत आणि त्यांत बॅगा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवता येतात. मात्र तुमच्या वाट्याला कोणतं विमान येईल, हे तिकिटावरून कळत नाही. नांदेड, जळगाव, सिंधुदुर्गसारख्या छोट्या विमानतळांवर अनेकदा एटीआर किंवा तत्सम छोटी विमानं असतात. त्यांचे कप्पे इतके उथळ असतात की नियमात बसणारी टणक बॅगही आत जाईलच असं नाही.

बॅग कोणाची मागतात, यालाही एक पद्धत असते. रांगेत मागे असलेले, टणक कवचाची चाकांची बॅग असलेले आणि मागच्या गटात बोलावले गेलेले प्रवासी आधी नजरेत भरतात. पाठीवरच्या मऊ सॅकला सहसा कोणी हात लावत नाही, कारण ती पुढच्या सीटखाली सरकवता येते. कप्पे भरले म्हणून बॅग खाली मागितली, तर त्याचे पैसे सहसा घेत नाहीत. वजन किंवा माप जास्त भरलं म्हणून मागितली, तर मात्र घेतात. यापैकी कोणतं कारण आहे, हे त्याच वेळी विचारून घ्यावं.

एकदा मागितल्यावर हुज्जत घालून फारसा उपयोग होत नाही. विमानाची वेळ, दारं बंद करण्याची घाई आणि वजनाचा हिशेब हे सगळं त्या कर्मचाऱ्याच्या डोक्यावर असतं. तुमची बॅग वरून खाली गेली की तिची नोंद विमानाच्या भारपत्रकात करावी लागते, आणि ते पत्रक वैमानिकाकडे गेल्याशिवाय विमान हलत नाही. त्यामुळे वाद घालण्यात तो मिनिट घालवण्यापेक्षा बॅगेतून योग्य वस्तू योग्य क्रमाने काढण्यात घालवलेला बरा.

एक बॅग उघडून पाहू

एक उदाहरण घेऊ. पुण्याचे साठीतले काका-काकू भाचीच्या लग्नाला नागपूरला निघाले आहेत. चाकांची एकच बॅग आहे. तिच्यात 20,000 एमएएचची पॉवर बँक आहे, कॅमेरा आणि त्याच्या दोन जादा बॅटऱ्या आहेत, लॅपटॉप, काकांचं इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या, काकूंच्या पाटल्या आणि हार असलेला डबा, घराच्या किल्ल्या, दोन साड्या, दाढीचा ट्रिमर, डिओची बाटली आणि चितळ्यांची बाकरवडी. काकूंच्या खांद्याला वेगळी पर्स आहे. गेटवर बॅग मागितली जाते.

काकूंचा हात आधी दागिन्यांच्या डब्याकडे जातो. "अहो, डबा आधी काढा." हे अगदी साहजिक आहे. तरीही पहिला हात तिकडे जायला नको. डबा हरवला तर नुकसान काका-काकूंचं होईल. पॉवर बँक आत राहिली, तर धोका विमानातल्या प्रत्येकाला आहे. म्हणून क्रम असा लावायचा: जिच्यामुळे आग लागू शकते ती वस्तू पहिली, जिच्यावाचून शरीराचं अडेल ती दुसरी, जिच्यावाचून प्रवास अडेल ती तिसरी, आणि जी गेली तर भरपाईने परत येणार नाही ती चौथी. साड्या, ट्रिमर आणि बाकरवडी खुशाल खाली जाऊ द्यावी.

पहिली पॉवर बँक

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या होल्डमध्ये ठेवायला जगभर बंदी आहे. हा नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, तांत्रिक सूचनांमधून आला आहे आणि आपला डीजीसीए त्याच चौकटीत काम करतो. गेटवर घेतलेली बॅगही या नियमातून सुटत नाही. ती होल्डमध्ये जाणार, म्हणून तिला चेक-इन सामानाचेच नियम लागू होतात. जागरूक कर्मचारी टॅग लावण्याआधी विचारतो, "आत पॉवर बँक किंवा बॅटरी आहे का?" तो विचारायला विसरला, तरी जबाबदारी आपली असते.

यामागचं कारण समजून घेतलं की नियम लक्षात ठेवावा लागत नाही. लिथियम-आयन बॅटरीच्या दोन ध्रुवांमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. बॅटरी दबली, आपटली, मुळातच सदोष निघाली किंवा तिची टोकं किल्लीसारख्या धातूला टेकली, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं. त्या उष्णतेने आतली रसायनं एकमेकांशी भिडतात, आणखी उष्णता तयार होते, आणि तापमान स्वतःच स्वतःला वाढवत नेतं. ज्वलनशील वायू जोरात बाहेर पडतात आणि पेट घेतात. एक घट पेटला की शेजारचा तापतो, आणि ही साखळी पुढे सरकत राहते.

हे केबिनमध्ये झालं, तर धूर आधी कोणाच्या तरी नाकाला लागतो. कर्मचारी काही सेकंदांत पोहोचतात, अग्निशामकाने ज्वाळा दाबतात आणि मग बॅटरीवर भरपूर पाणी ओततात, कारण मुख्य काम ती थंड करण्याचं असतं. होल्डमध्ये मात्र ए320 सारख्या विमानात उड्डाण चालू असताना कोणालाही जाता येत नाही. तिथे धूर ओळखणारी यंत्रणा असते. आग लागल्यापासून मिनिटभरात तिने वैमानिकाला सूचना द्यायला हवी, असा नियम आहे. मग हॅलॉन वायू सोडला जातो. हॅलॉन ज्वाळा विझवतो, पण बॅटरीच्या आतली प्रक्रिया थांबवत नाही, कारण ती चालू राहायला बाहेरच्या हवेची गरज नसते.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, 2017 मध्ये याविषयीच्या चाचण्या जगापुढे मांडल्या. सामानाने भरलेल्या सुटकेसमध्ये लॅपटॉप ठेवून त्याची बॅटरी मुद्दाम तापवली गेली. एका चाचणीत लॅपटॉपला ड्राय शाम्पूचा स्प्रे कॅन बांधलेला होता, म्हणजे प्रवासी नेहमी नेतात अशीच वस्तू. आग झपाट्याने पसरली आणि कॅनचा 40 सेकंदांच्या आत स्फोट झाला. एवढ्या वेळात हॅलॉनचा परिणाम होण्याआधीच स्फोट होऊन जाईल, अशी भीती त्यातून पुढे आली. काकांच्या बॅगेत पॉवर बँकेला खेटून डिओची बाटली आहे, हे इथे आठवावं.

केबिनमध्येसुद्धा बॅटरी डोळ्यांआड असली की धोका वाढतो. 28 जानेवारी 2025 रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानच्या गिम्हे विमानतळावर हाँगकाँगला निघालेल्या एअर बुसानच्या ए321 विमानाला उड्डाणापूर्वी आग लागली. विमानातले सर्व 176 जण बाहेर पडले, पण विमानाचं छत जळून गेलं. आग मागच्या भागातल्या वरच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि तपासात संशय पॉवर बँकेवर आला. त्यानंतर 1 मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. आपल्या डीजीसीएनेही पॉवर बँक वर न ठेवता स्वतःजवळ ठेवायला सांगितलं आहे आणि विमानात तिच्यावर फोन चार्ज करायलाही मनाई केली आहे. म्हणजे गेटवर पॉवर बँक काढायची आणि विमानात गेल्यावर ती खिशात, पर्समध्ये किंवा पुढच्या सीटखालच्या पिशवीत ठेवायची.

पॉवर बँक किती मोठी चालते, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. मर्यादा वॉट-तासांत सांगितलेली असते आणि ती 100 वॉट-तास आहे. पॉवर बँकेवर एमएएच छापलेलं असतं. त्या आकड्याला हजाराने भागायचं आणि 3.7 ने गुणायचं. काकांच्या पॉवर बँकेचे 20,000 एमएएच म्हणजे 20 गुणिले 3.7, अर्थात 74 वॉट-तास. ती चालते. 27,000 एमएएचची बँक शंभराला जेमतेम टेकते. 100 ते 160 वॉट-तासांची असेल, तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि त्याहून मोठी नेताच येत नाही. छापील आकडा पुसला गेला असेल, तर सुरक्षा तपासणीतच ती काढून घेतली जाऊ शकते. काही कंपन्यांचे नियम याहून कडक आहेत. एमिरेट्सने 1 ऑक्टोबर 2025 पासून प्रत्येक प्रवाशाला एकच पॉवर बँक, तीही विमानात न वापरण्याच्या अटीवर, नेऊ द्यायला सुरुवात केली.

पॉवर बँकेबरोबरच कॅमेऱ्याच्या दोन जादा बॅटऱ्याही बाहेर काढायच्या. उपकरणाच्या आत बसवलेली बॅटरी आणि सुटी बॅटरी यांत नियम फरक करतो. सुटीची टोकं उघडी असतात आणि तीच नाणं, किल्ली किंवा दुसऱ्या बॅटरीला टेकू शकतात. म्हणून प्रत्येक बॅटरी वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवावी, किंवा टोकांवर चिकटपट्टी लावावी. हे काम घरीच करून ठेवायचं. ड्रोनच्या बॅटऱ्या आणि ज्या देशांत ई-सिगारेट चालते तिथली ई-सिगारेट, हे सगळं याच गटात येतं. वायरलेस इअरफोनच्या डबीतही बॅटरी असते. ती खिशात टाकणं सोपं, मग नियमाचा अर्थ लावत बसावं लागत नाही.

ट्रिमर किंवा विजेचा टूथब्रश आत राहिला तर चालतो, फक्त तो चुकून सुरू होणार नाही असा ठेवावा. सामान शोधण्यासाठी बॅगेत टाकलेला छोटा ट्रॅकरही आतच राहू द्यावा. त्यातल्या नाण्याएवढ्या बॅटरीत लिथियमचं प्रमाण मर्यादेच्या खूप खाली असतं, आणि बॅग नजरेआड गेल्यावरच तर त्याचा उपयोग असतो. उलट, बॅगेलाच फोन चार्ज करायची सोय असेल, म्हणजे ती तथाकथित स्मार्ट बॅग असेल, तर तिची बॅटरी निघते का हे विकत घेतानाच पाहावं. निघत नसेल, तर गेटवर ती बॅग खालीही जात नाही आणि वरही मावत नाही, आणि प्रवासीच अडकून पडतो.

दुसरं औषध, तिसरी कागदपत्रं

आता काकांचं इन्सुलिन. ते गोठलं की निरुपयोगी होतं, आणि होल्डमधलं तापमान किती असेल याची हमी प्रवाशाला कोणीही देऊ शकत नाही. सगळ्याच विमानांत होल्डचा प्रत्येक भाग केबिनइतका उबदार ठेवलेला नसतो. गोठून पुन्हा वितळलेलं इन्सुलिन वरून नेहमीसारखं दिसू शकतं आणि तरीही काम करत नाही. म्हणून इन्सुलिन, त्याच्या सुया, साखर मोजायचं यंत्र आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळं एकाच पाकिटात असावं आणि ते काकांच्याच हातात असावं.

रक्तदाब, थायरॉईड, फिट्स, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, अशा रोजच्या औषधांना थंडीने फरक पडत नसेल. पण बॅग एक दिवस उशिरा आली, तर एक दिवस गोळी चुकते. फिट्सच्या औषधात तेवढीही चूक महागात पडू शकते. दम्याचा पंप तर विमानातच लागू शकतो. लहान बाळ सोबत असेल तर त्याचं दूध, डायपर आणि एक जोडी कपडे याच पायरीवर धरावेत. चष्मा, कानाचं यंत्र आणि त्याच्या बॅटऱ्याही इथेच. या वस्तूंची किंमत काहीशे रुपये असेल, तरी रात्री अकराला परक्या गावात त्या मिळवणं अवघड असतं.

तिसऱ्या पायरीवर पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं, ओळखपत्र, फोन, पैसे आणि किल्ल्या. देशांतर्गत प्रवासात ओळखपत्र गेटवर हातातच असतं, त्यामुळे विसर पडत नाही. परदेशी जाताना मात्र पासपोर्ट हातात असतो आणि बाकीचे कागद बॅगेच्या पुढच्या कप्प्यात राहतात. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांना हे खास सांगायला हवं. मोठं विमान शिकागो किंवा नेवार्कला उतरतं. पुढच्या छोट्या शहरासाठी पन्नास-सत्तर आसनांचं विमान मिळतं, आणि त्यात चाकांची बॅग जवळपास हमखास खाली घेतली जाते. त्या शेवटच्या टप्प्याला माणूस वीस तासांच्या प्रवासाने थकलेला असतो, आजूबाजूची भाषा परकी असते आणि बॅगेत काय आहे ते नीट आठवतही नसतं. मुलीचा पत्ता, फोन नंबर लिहिलेला कागद आणि औषधांची पिशवी त्या क्षणी बॅगेत नव्हे, तर गळ्यातल्या पाऊचमध्ये असायला हवी.

घराच्या किल्ल्या सहज विसरल्या जातात. जाताना त्या लागत नाहीत, परतीच्या प्रवासात लागतात. परतीला बॅग खाली गेली आणि आली नाही, तर मध्यरात्री स्वतःच्याच दारात उभं राहायची वेळ येते.

चौथं सोनं, लॅपटॉप आणि भरपाईचं गणित

आता काकूंचा डबा. तो चौथ्या क्रमांकावर आहे, पण तो निघायलाच हवा. त्याचं कारण भरपाईच्या नियमांत आहे. देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं, खराब झालं किंवा उशिरा आलं, तर विमान कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त 20,000 रुपयांपर्यंत मर्यादित आहे. सोन्याच्या आजच्या भावाने तेवढ्यात फारच थोडं सोनं येईल. शिवाय रोकड, दागिने, महत्त्वाची कागदपत्रं आणि नाजूक उपकरणं चेक-इन सामानात ठेवू नयेत, हे कंपन्यांच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यामुळे तीही भरपाई मिळताना वाद होतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासात 1999 चा माँट्रियल करार लागू होतो. भारत 2009 पासून त्यात आहे. 28 डिसेंबर 2024 पासून सामानासाठीची कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे 1,519 एसडीआर झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं मोजमाप आहे आणि त्याचा भाव रोज बदलतो, पण ही रक्कम ढोबळमानाने पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास जाते. ही रक्कम कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारा धनादेश नाही. नुकसान किती झालं हे प्रवाशालाच दाखवून द्यावं लागतं. जास्त किमतीची वस्तू आधी जाहीर करून, जादा शुल्क भरून मर्यादा वाढवायची तरतूद करारात आहे, पण बोर्डिंगच्या रांगेत हे करायला कोणालाही वेळ नसतो.

लॅपटॉप आणि कॅमेरा शक्यतो बाहेर काढावेत. त्यांच्यात बॅटरी आहे, आपटून मोडतात आणि आतली माहिती भरपाईने परत मिळत नाही. लॅपटॉप आतच ठेवायची वेळ आली, तर तो पूर्ण बंद करायचा. नुसता झाकण लावून झोपवलेला लॅपटॉप चालत नाही, कारण तो आतल्या आत जागा होऊन तापू शकतो. मग त्याला साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून चारही बाजूंनी मऊ आधार द्यायचा.

टॅगवर काय लिहिलंय?

बॅग हातातून सोडण्याआधी टॅगवर एक नजर टाकावी. त्यावर तीन अक्षरांत उतरायच्या विमानतळाचं नाव असतं. नागपूरसाठी NAG, मुंबईसाठी BOM, पुण्यासाठी PNQ. गोव्याला जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं, कारण तिथे दोन विमानतळ आहेत. दाबोळी म्हणजे GOI आणि मोपा म्हणजे GOX. दोघांमध्ये साऱ्या उत्तर गोव्याचं अंतर आहे. टॅग चुकीचा लागला, तर तो सुधारून घेण्याची ही एकमेव सोपी वेळ असते.

दुसरा प्रश्न: बॅग कुठे मिळणार? मोठ्या विमानात ती बाकीच्या सामानाबरोबर बेल्टवर येते. अमेरिकेतल्या छोट्या विमानांत ती बऱ्याचदा विमानाच्या दारापाशीच परत देतात, तिथेच थांबून घ्यावी लागते. पुढचं विमान असेल, तर टॅग शेवटच्या गावापर्यंत आहे की मधल्या विमानतळापर्यंत, हे विचारायलाच हवं. परदेशातून भारतात येऊन पुढे देशांतर्गत विमान पकडणाऱ्यांना साधारणपणे पहिल्या भारतीय विमानतळावरच सामान घेऊन कस्टम्समधून जावं लागतं. गेटवर दिलेली बॅगही त्यात येते, आणि ती बेल्टवर येणार आहे हे लक्षात न राहिल्याने माणसं तिला मागे सोडून पुढे निघून जातात.

टॅगचा छोटा तुकडा फाडून तुम्हाला देतात. त्यावरचा आकडा हाच बॅग कंपनीच्या ताब्यात दिल्याचा पुरावा. तो बोर्डिंग पासला चिकटवावा आणि बॅगेचा, टॅगसकट, एक फोटो काढून ठेवावा. बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्याआधीच कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यायची. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची 21 दिवसांत लेखी करावी लागते. मुदत गेली की हक्कही जातो.

तयारी घरीच

गेटवरचा एक मिनिट वाचवायचा असेल, तर बॅग भरतानाच ती दोन भागांत भरायची. काढायच्या सगळ्या वस्तू एका चेनच्या पाऊचमध्ये घालून, तो पाऊच अगदी वर, झाकण उघडताच हाताला लागेल असा ठेवायचा. पॉवर बँक, वेगवेगळ्या पाकिटांत जादा बॅटऱ्या, औषधं, किल्ल्या, कागद आणि दागिन्यांचा डबा त्यात मावतो. लॅपटॉप बाहेरच्या कप्प्यात राहू द्यावा. आणि एक घडी घातलेली कापडी पिशवी बॅगेच्या बाजूच्या खिशात हवी. पाऊच, लॅपटॉप आणि कॅमेरा काढल्यावर ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न ऐन वेळी पडतो, आणि दोन्ही हात भरलेल्या माणसाला मग एखादी वस्तू आतच सोडून द्यावीशी वाटते.

चेक-इन काउंटरवर कधी कधी कर्मचारी आधीच सांगतात, "आज विमान पूर्ण भरलंय, बॅग इथेच देता का?" लग्नसराईत किंवा दिवाळीच्या सुट्टीत हे ऐकलं, आणि बॅगेत लगेच लागणारं काही नसेल, तर तिथेच द्यावी. काउंटरवर बॅग शांतपणे उघडून वस्तू निवडायला वेळ मिळतो, टॅग छापील असतो आणि चूक व्हायची शक्यता कमी असते.

आपल्या काका-काकूंनी अशी तयारी केली असती, तर गेटवर फक्त पाऊच आणि लॅपटॉप उचलायचा राहिला असता. तशी तयारी नसेल, तरी क्रम लक्षात असला की पुरतं: पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या, मग इन्सुलिन आणि गोळ्या, मग कागद आणि किल्ल्या, मग डबा, कॅमेरा, लॅपटॉप. काकूंची पर्स आणि कापडी पिशवी यांत हे सगळं मावतं. उरलेली बॅग बंद करून, टॅग वाचून, निश्चिंतपणे देता येते.

शेवटची एक विनंती. विमानात बसल्यावर आठवलं की पॉवर बँक खालच्या बॅगेतच राहिली, तर संकोच करू नका. विमानाची दारं बंद व्हायच्या आत केबिनमधल्या कर्मचाऱ्याला लगेच सांगा आणि टॅगचा आकडा दाखवा. जमिनीवर असताना बॅग शोधून बाहेर काढता येते. त्यासाठी विमानाला दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला, आजूबाजूच्यांनी नाकं मुरडली, तरी सांगा. विमान हवेत गेल्यावर त्या बॅगेपर्यंत कोणीही पोहोचू शकत नाही.